आठही दिवे लागले, तरी जोडी चुकली

लॅन टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले की केबल पास झाली, असं समजून काम पुढे सरकतं. झिरी बुजवली जाते, पुट्टी होते, रंग चढतो. पण हा टेस्टर फक्त एवढंच सांगतो, की या टोकाची पहिली तार त्या टोकाच्या पहिल्या पिनला लागली आहे, दुसरी दुसऱ्या पिनला, आणि असंच आठव्यापर्यंत. नेटवर्कची केबल मात्र आठ सुट्या तारांवर चालत नाही, ती चार जोड्यांवर चालते. कोणती तार कोणाची जोडीदार, हे त्या दिव्यांना कळत नाही. घरात भिंतीतून कायमची केबल टाकताना होणारी सगळ्यात चिवट चूक नेमकी इथे लपते.

पुण्यातल्या एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. फायबर दारातून आत येतं, राउटर हॉलमधल्या टीव्हीच्या युनिटमध्ये आहे आणि कामाचं टेबल शेवटच्या बेडरूममध्ये. मध्ये दोन भिंती आहेत, त्यामुळे वाय-फाय तिथे पोहोचेपर्यंत दुबळं होतं. घराचं काम निघालेलंच होतं म्हणून पॅसेजच्या फॉल्स सीलिंगवरून कॅट सिक्स केबल टाकायचं ठरलं. हॉलमध्ये भिंतीतून दोन मीटर वर, छतावरून बारा मीटर आडवं, बेडरूममध्ये दोन मीटर खाली आणि दोन्ही टोकांना थोडी जास्तीची, अशी सुमारे अठरा मीटर केबल लागली. इलेक्ट्रिशियनने दोन्ही टोकांना कनेक्टर बसवले, टेस्टर लावला, आठही दिवे क्रमाने लागले. इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा होता. बेडरूममधल्या कॉम्प्युटरवर वेग मात्र ९४च्या पुढे जाईना.

हा ९४चा आकडा पाहिला की अनुभवी माणूस इंटरनेट कंपनीला फोन लावत नाही, आधी केबलकडे पाहतो. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुवा १००० एमबीपीएसऐवजी १०० वर जुळला, की पाकिटांवरचा वरखर्च वजा जाऊन स्पीड टेस्टमध्ये ९४-९५ उरतात. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि पिन ३-६. गिगाबिट इथरनेट, ज्याचं मानक १९९९मध्ये ठरलं, चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी वापरतं. एखादी जोडी तुटली किंवा बिघडली, तर बरीच उपकरणं गिगाबिटचा प्रयत्न सोडून मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

इथे दोन्ही टोकांचे कनेक्टर काढून उजेडात धरले आणि पारदर्शक प्लॅस्टिकमधून तारांचे रंग वाचले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे हाच क्रम. दिसायला अगदी सुबक: प्रत्येक रंगाची पट्टेरी तार आणि तिच्या शेजारी तिचीच पूर्ण रंगाची तार. दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे टेस्टरला तक्रारीला जागाच नव्हती. तरीही हा क्रम चूक आहे.

ही चूक समजून घ्यायची तर तारांना पीळ का असतो, इथून सुरुवात करावी लागते. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१मध्ये टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचं पेटंट घेतलं. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल जसा वर जातो, तसाच दुसरीवर खाली जातो, आणि घेणारं यंत्र या दोघींमधला फरक मोजतं. बाहेरून आलेला गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो. केबलमधल्या चारही जोड्यांचे पीळ कमी-जास्त लांबीचे ठेवलेले असतात. त्यामुळे एका जोडीतलं बोलणं शेजारच्या जोडीत फारसं झिरपत नाही.

आता पिनांकडे पाहू. तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी होते, आणि तिच्या पोटात चौथी-पाचवी ही दुसरी जोडी असते. ही रचना टेलिफोनकडून आली आहे. टेलिफोनच्या लहान प्लगमध्ये मधल्या दोन पिना पहिल्या लाइनच्या आणि त्यांच्या दोन बाजूंच्या पिना दुसऱ्या लाइनच्या असत. तो प्लग नव्या सॉकेटमध्येही चालावा म्हणून मधल्या चार पिनांची मांडणी तशीच ठेवली गेली. बाहेरच्या चार पिना मात्र तशा एकात एक न ठेवता १-२ आणि ७-८ अशा शेजारी-शेजारी घेतल्या, कारण जोडीतल्या दोन तारा फार लांब गेल्या तर वेगवान सिग्नलचं नुकसान होतं.

म्हणून बरोबर क्रम असा आहे, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हाच वापरतात, तो टी-५६८-बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फाकते आणि निळी जोडी तिच्या मध्ये बसते. शिवाय निळीत आधी पूर्ण निळी तार येते आणि मग पांढरी-निळी. सरळ ओळीची सवय असलेला हात नेमका इथे घसरतो.

आपल्या फ्लॅटमध्ये ओळीने तारा लावल्यामुळे पिन ३-६ वर पांढरी-हिरवी आणि निळी आली, आणि पिन ४-५ वर हिरवी आणि पांढरी-निळी. म्हणजे ज्या दोन तारांनी मिळून एक सिग्नल न्यायचा, त्या एकमेकींभोवती पिळलेल्याच नाहीत. प्रत्येकीला पीळ आहे तो शेजारच्या सिग्नलमधल्या तारेशी. एका जोडीतलं सगळं दुसरीत मिसळतं. याला स्प्लिट पेअर म्हणतात. १०० एमबीपीएसला पिन ४-५ गप्पच असते, म्हणून अठरा मीटरवर ते निभावून गेलं. गिगाबिटला चारही जोड्या एकदम बोलू लागल्या आणि दुवा कोसळला. हीच चूक मीटरभराच्या पॅच कॉर्डमध्ये असती तर कदाचित कधी कळलीही नसती.

ए आणि बी या दोन क्रमांबद्दल बराच गोंधळ असतो, तो इथेच संपवू. टी-५६८-ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल असते, बाकी सगळं तेच. दोन्हींत जोड्या शाबूत राहतात, वेगाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. घरात एकच निवडा आणि दोन्ही टोकांना तोच ठेवा. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तर टेस्टरच्या दूरच्या भागावर दिवे ३, ६, १, ४, ५, २, ७, ८ अशा क्रमाने लागतात. आजची बहुतेक उपकरणं ही अदलाबदल आपोआप सांभाळून घेतात. तरीही भिंतीत जाणारी केबल अशी ठेवू नये, कारण पुढच्या माणसाला ती बिघाडच वाटेल.

दुरुस्तीच्या वेळी मी पहिला आग्रह धरला तो बेडरूमच्या टोकाचा. भिंतीतून बाहेर लोंबणारी केबल आणि तिला थेट कनेक्टर, हे कायमचं काम नव्हे. भिंतीतल्या केबलच्या तारा एकसंध तांब्याच्या, म्हणजे सॉलिड असतात. टेबलाशी रोज हलणाऱ्या, वाकणाऱ्या वायरीचं काम त्यांच्याकडून घेतलं तर त्या आतून तुटतात. रोजच्या हलण्यासाठी बारीक तारांच्या जुडग्याची पॅच कॉर्ड असते. म्हणून भिंतीत मॉड्युलर बॉक्स, त्यावर फेस प्लेट आणि त्यात कीस्टोन जॅक, ज्याला बाजारात आयओ म्हणतात. तिथून कॉम्प्युटरपर्यंत कारखान्यात बनलेली पॅच कॉर्ड. मानकातला १०० मीटरचा पल्लाही याच हिशेबाने धरला आहे: भिंतीतलं ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. घरात या मर्यादेच्या जवळपासही कोणी जात नाही.

कीस्टोनवर तारा बसवायच्या खाचांशेजारी ए आणि बी अशा दोन्ही क्रमांचे रंग छापलेले असतात. त्या खाचांचा क्रम पिनांच्या क्रमासारखा दिसत नाही, तिथे जोड्या शेजारी-शेजारीच असतात. पिनांपर्यंतची फाकाफाक जॅकच्या पोटात झालेली असते. आपण फक्त बीचे रंग पाहून तारा ठेवायच्या आणि पंचिंग टूलने दाबायच्या. टूलची कापणारी बाजू बाहेरच्या अंगाला हवी, नाहीतर तार आतूनच कापली जाते. पीळ अगदी खाचेपर्यंत टिकवता येतो, आणि स्प्लिट पेअर करणंही इथे अवघड आहे. नवख्या माणसाने म्हणूनच शक्य तिथे कनेक्टरऐवजी जॅक घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

बेडरूमला जॅक बसला, हॉलचा जुना कनेक्टर अजून तसाच होता, आणि टेस्टर लावला. दिवे लागले १, २, ३, ६, ५, ४, ७, ८. इतके दिवस लपलेली चूक आता उघडी पडली, कारण एक टोक बरोबर आणि एक चुकीचं असलं की साध्या टेस्टरलाही ती दिसते.

उरलं हॉलचं टोक. राउटर बंद युनिटमध्ये होता, तिथे बॉक्सला जागा नव्हती आणि केबल हलण्याचाही प्रश्न नव्हता, म्हणून तिथे कनेक्टरच ठेवला. पण तो नीट निवडून. आरजे-४५ कनेक्टरच्या पिनांचे दात दोन तऱ्हेचे असतात. जुडग्याच्या तारेसाठीचे दात थेट तारेच्या मध्ये घुसतात. एकसंध तारेत तसे घुसता येत नाही, दात बाजूला घसरतो आणि कडेला कसाबसा टेकतो. आज दिवा लागतो, उन्हाळ्यात प्लॅस्टिक थोडं सैलावलं की संपर्क जातो. सॉलिड तारेच्या कनेक्टरला तीन दात असतात, ते तारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. दोन्हींना चालणारे कनेक्टरही मिळतात. शिवाय कॅट सिक्सची तार कॅट फाइव्हपेक्षा जाड असते, म्हणून कॅट सिक्सचाच कनेक्टर मागून घ्यायचा. नाहीतर तारा आत सरकतच नाहीत.

आता प्रत्यक्ष क्रिम्पिंग. कनेक्टरला रबरी बूट लावायचा असेल तर तो आधी केबलमध्ये ओवायचा, नंतर तो जात नाही. मग साधारण तीन सेंटिमीटर वरचं आवरण काढायचं. ब्लेड आवरणाच्या आरपार न नेता हलकी खूण करायची आणि केबल वाकवून आवरण तिथे तोडायचं. त्यानंतर आतल्या आठही तारा बोटांनी फिरवून पाहायच्या. एखाद्या तारेच्या इन्सुलेशनवर ओरखडा असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सुरुवात करायची, कारण ओरखडलेली तार पुढे तिथेच तुटते. कॅट सिक्सच्या पोटात बहुधा जोड्या वेगळ्या ठेवणारा प्लॅस्टिकचा क्रॉस असतो. तो आणि सोबतचा दोरा आवरणाच्या तोंडाशी कापायचा.

चारही जोड्या उलगडून तारा सरळ करायच्या, क्रमाने लावायच्या आणि अंगठा व तर्जनीत घट्ट धरून डावी-उजवीकडे हलवायच्या, म्हणजे त्यांचा वळण घेण्याचा हट्ट मोडतो. रंग पुन्हा एकदा मोठ्याने वाचायचे. मग आवरणाच्या तोंडापासून साधारण १३ मिलिमीटर ठेवून एकाच सरळ कापाने टोकं छाटायची. ही लांबी या कामात सगळ्यात महत्त्वाची आहे. तारा जास्त लांब राहिल्या तर आवरण कनेक्टरच्या बाहेर राहतं आणि सगळा ताण आठ बारीक तारांवर येतो. शिवाय उलगडलेला पीळ जितका लांब, तितकी एका जोडीची दुसरीत गळती जास्त. कमी लांब राहिल्या तर तारा पिनांपर्यंत पोहोचत नाहीत.

कनेक्टर धरताना त्याची कुंडी खाली, सोनेरी पिना वर आणि तोंड आपल्यापासून दूर ठेवायचं. म्हणजे पहिली पिन डावीकडे येते. तारा आत ढकलल्यावर कनेक्टरच्या तोंडाकडून पाहायचं: तांब्याचे आठ ठिपके अगदी टोकाशी टेकलेले दिसले पाहिजेत. मागच्या बाजूने पाहायचं: आवरण प्लॅस्टिकच्या पाचरीखाली गेलेलं असलं पाहिजे. दोन्ही जमलं की क्रिम्पिंग टूलमध्ये घालून शेवटपर्यंत दाबायचं. चांगलं टूल पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाही. क्रिम्प झाल्यावर आठही पिना एका पातळीत खाली गेल्या आहेत का, ते उजेडात आडवं धरून पाहायचं. एखादी पिन उंच राहिली तर टूल पुन्हा एकदा दाबून पाहता येतं. त्यानेही बसली नाही तर कनेक्टर कापून टाकायचा. वापरलेला कनेक्टर दुसऱ्यांदा बसत नाही.

तारा तोंडातून बाहेर निघतील असे पास-थ्रू कनेक्टरही मिळतात. रंगांचा क्रम बाहेर निघालेल्या टोकांवरच वाचता येतो, हा त्यांचा मोठा फायदा. पण त्यांना त्यांचंच टूल लागतं, आणि त्याचं पातं बोथट झालं तर तांब्याची शेपटं बाहेर राहून शेजारच्या तारेला टेकू शकतात. अशा वेळी टेस्टरवर त्या तारांचे दिवे नीट क्रमाने लागत नाहीत.

आपल्या फ्लॅटमध्ये नवा कनेक्टर बसल्यावर दिवे पुन्हा एक ते आठ क्रमाने लागले. या वेळी त्यांच्यावर विश्वास ठेवता आला, कारण रंग डोळ्यांनी तपासलेले होते. दिवे लागत असताना कनेक्टर हळूच हलवूनही पाहिला. एखादा दिवा फडफडला असता तर तो दात नीट बसलेला नाही हे कळलं असतं. एखादा दिवा लागलाच नाही तर ती तार तुटलेली किंवा पिनेपर्यंत न पोहोचलेली असते. साध्या टेस्टरला काही शे रुपये पडतात आणि तुटलेली, उलटलेली, चिकटलेली तार तो पकडतो. स्प्लिट पेअर पकडणारे टेस्टर वेगळे आणि महाग असतात, ते जोड्यांमधली गळती मोजतात. घरच्या एका-दोन केबलींसाठी ते घ्यायची गरज नाही. रंग वाचणं आणि शेवटी प्रत्यक्ष दुव्याचा वेग पाहणं एवढं पुरतं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर पॉवरशेलमध्ये ही ओळ टाइप केली की तो वेग दिसतो:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, LinkSpeed
```

तिथे `100 Mbps` ऐवजी `1 Gbps` आलं आणि स्पीड टेस्टमध्ये प्लॅनचा पूर्ण वेग मिळू लागला. मोठी फाइल पाठवत असतानाही आकडा `1 Gbps`वरच टिकतो का, हे पाहणं चांगलं. दुवा मध्येच तुटून पुन्हा जुळत असेल तर एखादा संपर्क अजून कच्चा आहे.

केबलचा दर्जा या सगळ्याच्या आधी येतो, कारण वाईट केबलवर कितीही नीट क्रिम्प केलं तरी ते टिकत नाही. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच केबलींच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यावर तांब्याचा नुसता मुलामा असतो. खोक्यावर सीसीए लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. ब्लेडने तार खरवडून पाहा. आत चंदेरी दिसलं तर ती केबल भिंतीत घालू नका. ॲल्युमिनियम ठिसूळ असतं, दोन-चार वळणांत तुटतं. त्याचा रोधही तांब्यापेक्षा जास्त असल्यामुळे केबलमधूनच वीज घेणारा कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंट जोडला तर केबल जास्त तापते.

भिंतीतल्या पाइपाबद्दल थोडंच सांगायचं आहे. विजेच्या वायरींच्या पाइपातून ही केबल कधीच नेऊ नये. सुरक्षिततेसाठी तर नाहीच, पण शेजारून लांबवर गेली तर गोंगाटही पकडते. दोन्ही पाइपांत वीत-दीड वीत अंतर ठेवावं, आणि एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. कोपऱ्यात काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा. केबलचं वळण तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा घट्ट करायचं नाही, म्हणजे कॅट सिक्सला साधारण अडीच सेंटिमीटर. ओढतानाही जोर मोजून लावायचा. सुमारे अकरा किलोच्या ओढीपेक्षा जास्त ताण पडला तर आतले पीळ लांबतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. केबल अडली तर पुढून जास्त ओढण्याऐवजी मागून एका माणसाने हळूहळू आत सोडावी.

एका पाइपातून दोन केबली एकदमच न्याव्यात. दुसरीचा खर्च मजुरीच्या मानाने नगण्य असतो आणि एक बिघडली तर भिंत फोडावी लागत नाही. बॉक्समध्ये वीतभर केबल जास्तीची ठेवावी, कारण जॅक किंवा कनेक्टर पुन्हा बसवायचा झाला तर दर वेळी तीन-चार सेंटिमीटर जातात. दोन्ही टोकांना पर्मनंट मार्करने सारखीच खूण करावी. फेस प्लेटचे स्क्रू आवळल्यानंतर टेस्टर पुन्हा एकदा लावावा, कारण जास्तीची केबल बॉक्समध्ये दाबून बसवतानाच तिला घडी पडते किंवा जॅकमधली एखादी तार उचकटते. झिरी बुजवणाऱ्या गवंड्याला त्यानंतरच हाक मारावी.